कातडी न सोलता: वाड्याच्या दगडी भिंतीवरची पोस्टरं आणि रंग काढतानाच्या नोंदी

११ नोव्हेंबर

पाऊस गेल्यावर भिंत आतून वाळायला वेळ दिला आणि आज सुरुवात केली. पुण्यातल्या पेठेतला वाडा, त्याची गल्लीकडची भिंत. लांबी ४० फुटांच्या आसपास, दगडी भाग डोक्याच्या जरा वरपर्यंत, त्यावर विटा. दगड आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट. खालचे थर मोठ्या घडीव दगडांचे, वरचे लहान आणि ओबडधोबड. दरजा चुन्याच्या. मधेच दोन-तीन ठिकाणी कुणीतरी सिमेंट चोपलंय, पण ते काढणं या कामात नाही.

डाव्या टोकाला पांढऱ्या पट्ट्यावर निळ्या ऑइल पेंटनं रंगवलेली शिकवणीची जाहिरात. मध्ये पोस्टरं, एकावर एक, काही ठिकाणी बोटभर जाड. उजवीकडे स्प्रे: काळा, चंदेरी आणि लाल. नावं, बदाम, बाण आणि कुणाचा तरी अर्धवट फोन नंबर.

वाड्यात राहणारे आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "भिंत स्वच्छ करा, पण नवी करू नका हं." कामाचं कंत्राट एवढ्या नेमक्या शब्दांत क्वचित मिळतं.

रात्री साडेआठनंतर गल्ली शांत झाल्यावर फोटो काढले. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, उजेड दगडावरून घसरत जाईल असा धरला. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर पाथरवटाच्या टाकीचे तिरपे घाव उठून दिसतात. कुठे घाव खोल, कुठे झिजून नुसती ओळ उरलेली. याच जागेवरून, याच कोनातून काम संपल्यावर परत फोटो काढायचे. पोत गेला की राहिला याचा पुरावा दिवसाच्या फोटोत कधीच मिळत नाही. म्हणून टॉर्चचं भिंतीपासूनचं अंतर आणि कॅमेऱ्याची जागा खडूनं फरशीवर आखली आणि वहीत मोजून लिहून ठेवली.

१३ नोव्हेंबर

आजचा दिवस फक्त दगडाचा. अजून रंगाला हात लावलेला नाही.

बेसॉल्ट कठीण, म्हणून बिनधास्त घासा, असा समज सगळीकडे आहे. आतला ताजा दगड खरोखर कठीण आहे आणि जवळपास पाणी पीत नाही. पण भिंतीवर आपल्याला दिसतो तो ताजा दगड नसतो. शेकडो पावसाळ्यांत दगडातलं लोह गंजून वरची कातडी तपकिरी झालेली असते. या भिंतीवर ती कुठे नखाएवढी जाड, तर कुठे कागदाएवढीच. ही कातडी मऊ आहे, सच्छिद्र आहे आणि पाणी पिते. वाड्याचा जो रंग आपल्याला ओळखीचा वाटतो, तो या कातडीचाच असतो. ती गेली की खालून निळसर करडा, कालच खाणीतून आल्यासारखा दगड निघतो. तो पुन्हा तपकिरी व्हायला आपलं आयुष्य पुरणार नाही.

दोन साध्या चाचण्या केल्या. पहिली पाण्याच्या थेंबाची. ड्रॉपरनं थेंब सोडला; घट्ट दगडावर तो ओघळून गेला, कातडी जाड असलेल्या दगडावर काही सेकंदांत आत जिरला. जिथे पाणी जिरतं तिथे पातळ केलेला रंगही जिरणार, हे त्यातून कळलं. दुसरी चिकटपट्टीची. पारदर्शक टेप दगडावर हलकेच दाबून काढली आणि पांढऱ्या कागदावर लावली. घडीव दगडांवर टेप जवळजवळ स्वच्छ निघाली. वरच्या थरातल्या सात-आठ दगडांवर मात्र तपकिरी भुगा भरून आला. या दगडांवर खडूनं फुली मारली. त्यांच्यावर ब्रश फिरवायचा नाही आणि काही ओढायचंही नाही.

वरच्या थरातले काही दगड भोकांचे आहेत. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूची ही भोकं. त्यातल्या काहींत पांढरी खनिजं भरलेली, काही रिकामी. स्प्रे याच दगडांवर जास्त आहे. बारीक भोकाच्या तळाशी गेलेला रंग कसा काढायचा, याचा विचार आत्तापासून करायला हवा.

१८ नोव्हेंबर

पोस्टरं. आधी खाली काय चिकटवलंय ते शोधलं.

जुनी पद्धत म्हणजे मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. नवी पोस्टरं बऱ्याचदा पांढऱ्या गोंदानं लावतात. दोन्ही काढायच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आयोडीन वापरलं. औषधाच्या दुकानात मिळतं ते टिंक्चर पाण्यात पातळ करून थेंब टाकला की पिठाची खळ काळीनिळी होते. यात एक फसवणूक आहे. पुष्कळ कागदांत बनवतानाच स्टार्च घातलेला असतो, त्यामुळे कागदावर थेंब टाकला तर तो निळा होतोच आणि आपण खुशाल समजतो की खाली खळ आहे. त्यासाठी कागदामागचा चिकट थर थोडा खरवडून बशीत घ्यायचा आणि त्यावर थेंब टाकायचा. भिंतीवर आयोडीन टाकायचं नाही, त्याचा डाग आपल्यालाच निस्तरावा लागतो.

खालचे जुने थर खळीचे निघाले, वरचे बरेचसे पांढऱ्या गोंदाचे.

वरचे थर कोरडेच, कागदावरून कागद सोलत उतरवले. दगडावर शेवटचे दोन-तीन थर उरले की थांबायचं. चकचकीत छपाईतून पाणी आत जात नाही, म्हणून ती चकाकी लाकडी पट्टीनं फक्त ओरखडली. त्यावर जुन्या चादरीचे तुकडे ५० ते ६० अंशांच्या गरम पाण्यात भिजवून चिकटवले आणि वरून प्लॅस्टिक झाकलं. मध्ये एकदा कपडे पुन्हा भिजवले. साधारण तासाभरात खळ फुगून बुळबुळीत झाली.

काढताना हाताची दिशा सांभाळायची. कागद आपल्याकडे, भिंतीपासून सरळ बाहेर ओढला तर सगळा जोर दगडाच्या कातडीवर येतो आणि भुगा निघणाऱ्या दगडावर ती कागदासोबत येते. कागद उलटा दुमडून भिंतीला समांतर, हळूहळू मागे न्यायचा. आमच्या विद्यार्थिनीला हे दोनदा दाखवलं, मग तिनं माझ्यापेक्षा चांगलं केलं. बोटांत घाई नाही तिच्या.

कागद गेला तरी खळ दगडात उरते. ती राहिली तर पुढच्या पावसात तिथे बुरशी धरते आणि पोस्टरचा चौकोन काळा उठतो. म्हणून कोमट पाणी आणि स्पंज, पाणी बदलत बदलत. पुरेसं झालं का ते पाहायला ओला बोळा दगडावर दाबला, बाजूला घेतला आणि त्या बोळ्यावर आयोडीन टाकलं. बोळा निळा झाला नाही तोवर धुणं चालू ठेवलं.

२१ नोव्हेंबर

पांढऱ्या गोंदाची पोस्टरं. हा गोंद गरम पाण्यानं पांढुरका होतो, फुगतो, पण विरघळत नाही. त्याचा एक स्वभाव मात्र आपल्या कामाचा. साधारण ३०-४० अंशांच्या पुढे तो कडक राहत नाही, रबरासारखा होतो. कपडे इस्त्री करण्याचं वाफेचं यंत्र जरा लांब धरून वाफ दिली आणि लगेच लाकडी पट्टी कागदाखाली जवळजवळ आडवी सरकवली. गोंद वळकटी होऊन निघाला. एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्यायची. दगड गार झाला की गोंद परत धरतो.

जे उरलं त्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा लेप, वरून प्लॅस्टिक. अर्ध्या तासात गोंद जेलीसारखा झाला आणि टिपून घेता आला.

फुली मारलेल्या दगडांपैकी दोन दगडांवर पोस्टरचा शेवटचा थर ठेवून दिला. वाफेनंही कागदाची कड उचलताना तपकिरी कणी सोबत येत होती. तिथे कागदाचा छापील भाग घासून टाकला आणि उरलेला पांढुरका धागा तसाच सोडला. तो ऊनपावसात आपोआप झिजेल. कातडी मात्र परत येणार नाही.

दुपारी दरजेत एक फिकट निळसर रेघ दिसली. विद्यार्थिनीला वाटलं, निळ्या जाहिरातीचा ओघळ असेल. पण ती रेघ बरोबर जुन्या पोस्टरांच्या कडेनं होती. कापसाच्या काडीवर थोडी कणी घेऊन अमोनियाचा थेंब टाकला, काडी गडद निळी झाली. तांबं. म्हणजे खळीतला मोरचूद चुन्यात उतरलेला. दरजेला त्यानं काही अपाय दिसत नाही आणि तो काढायचा तर चुनाच खरवडावा लागेल. ठेवला.

२६ नोव्हेंबर

आता स्प्रे. समोरच्या दुकानदारांनी सकाळीच सल्ला दिला, "ताई, ॲसिड मारा आणि तारेचा ब्रश, दहा मिनिटांचं काम." मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले. त्यांच्या घरात तीन पिढ्या पाथरवटाचं काम. ते परसातून जुन्या जोत्याचा एक फुटका दगड घेऊन आले, ज्याला अजून चुना चिकटलेला होता. त्याच्यावर फरशी साफ करायचं ॲसिड चमचाभर टाकलं. चुना फसफसून उकलला, ते सगळ्यांना अपेक्षित होतंच. दगडावर मात्र ॲसिड गेलेल्या वाटेनं तपकिरी रंग धुऊन करडा पट्टा उमटला आणि खालच्या कडेला पिवळट गंजाचा ओघळ साचला. दुकानदार म्हणाले, "अरे बापरे, हे तर रंगापेक्षा वाईट दिसतंय." तो दगड आता भिंतीशेजारीच ठेवलाय. दिवसातून कुणी ना कुणी ॲसिड सुचवतो, त्याला दाखवायला बरा.

कॉस्टिक सोड्याचंही तेच. तो रंग उतरवतो, पण दगडात आणि चुन्यात सोडियमचे क्षार मागे ठेवतो आणि मग वर्षभरात लोणा लागतो.

रंगांच्या चाचण्या कापसाच्या काडीनं, प्रत्येकी नखाएवढ्या जागेवर. आधी साधं पाणी, मग स्पिरिट, मग ॲसिटोन. असं सौम्यापासून सुरुवात केली की कुठे थांबता येईल ते कळतं.

चंदेरी: ॲसिटोननं लगेच काडीवर आला. म्हणजे नुसता वाळून बसलेला रंग, विरघळणारा. काळा: काडीवर काही नाही, पण दोन मिनिटांत सुरकुतला. हा हवेतल्या ऑक्सिजननं घट्ट जुळलेला रंग, तो विरघळत नाही, फक्त फुगतो. तो फुगवूनच उचलावा लागेल. लाल: काडी ठेवताच सुंदर गुलाबी पाझर काडीभोवती दगडात पसरला. लाल रंगात असा विरघळणारा रंगद्रव्याचा भाग बऱ्याचदा असतो. ॲसिटोनचं फडकं फिरवलं असतं तर नाव गेलं असतं आणि वीतभर दगड कायमचा गुलाबी झाला असता.

म्हणूनच पातळ द्रव फडक्यावर घेऊन पुसायचा नाही. द्रव रंगाला विरघळवतो आणि सच्छिद्र कातडी ते मिश्रण आत ओढते. भिंतीवर फिकट धूसर सावली उरते ती याचीच. रंग गेला म्हणून दगड धुवायला घ्यावा, तर तो आत बसलेला.

३ डिसेंबर

जेलचं काम सुरू. बेन्झिल अल्कोहोलचं रंगकाढू जेल घेतलं. हे द्रव्य सावकाश उडतं, त्यामुळे तासन्‌तास रंगावर ओलं राहतं. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, बेन्झिल अल्कोहोल २०५ अंशांना. फरक किती ते यावरून दिसतं. बाजारात डायक्लोरोमिथेनचं झटपट काम करणारं रंगकाढूही मिळतं. ते भिंतीवर चांगलं चालतं, पण गल्लीत माणसं राहतात आणि त्याची वाफ जिवावर बेतू शकते. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगकाढूंत त्यावर २०१९ मध्ये बंदी आली. मी ते आणत नाही. बेन्झिल अल्कोहोललाही नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लागतोच.

सकाळी भिंत सावलीत असते तोवरच लावायचं. कोरड्या दगडावर, फक्त रंगाच्या रेघेवर, दोन ते तीन मिलिमीटर थर. ब्रशनं घासायचं नाही, थापायचं. वरून प्लॅस्टिक आणि कडा कागदी टेपनं बंद.

काळ्याला सुमारे दोन तास लागले. प्लॅस्टिक उचललं तेव्हा रंगाची साय सुरकुतून दगडापासून सुटलेली होती. ती बांबूच्या चपट्या काडीनं उचलली. मिस्त्रींनी बांबू स्वतः तासून दिला. त्याचं टोक दगडापेक्षा मऊ असतं, म्हणून कुणाची झीज झाली तर ती बांबूची, दगडाची नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्याही चालतात, पण भोकांत जात नाहीत.

आज एकाच दगडावर बराच वेळ गेला. उजवीकडून तिसरा, भोकांचा. जेल उचलल्यावर पृष्ठभाग मोकळा झाला पण प्रत्येक भोक काळ्या ठिपक्यासारखं उरलं. काही भोकांच्या कडेला पांढरी खनिजं होती आणि त्यांच्यावर रंग काचेसारखा बसला होता, तो एका फटक्यात सुटला. रिकाम्या भोकांत मात्र रंग तळाशी साचलेला. तिथे दात घासायच्या मऊ ब्रशनं जेल आत ढकललं, पुन्हा झाकलं आणि नंतर ओल्या कापसाची वात पिळून भोकातून फिरवली. भोकांच्या कडा धारदार नसतात, पण कातडी तिथेच सगळ्यात पातळ असते. म्हणून वात फिरवायची, टोचायची नाही. सगळी भोकं निघाली नाहीत. चार फुटांवरून काही दिसत नाही, जवळून दिसतं. तिथे थांबले.

धुताना आधी रंगाच्या रेघेच्या खालच्या बाजूचा दगड पाण्यानं चिंब करून घेतला, म्हणजे वरून येणारं रंगीत पाणी तो पीत नाही. मग मुलायम धार, नळाचा जोर असतो तेवढीच. गाडी धुण्याचे पंप १०० बारच्या आसपास मारा करतात आणि त्यानं चुन्याच्या दरजा अक्षरशः वाहून जातात. भिंतीच्या पायथ्याशी प्लॅस्टिकची पन्हाळ लावून सगळं पाणी बादलीत घेतलं. गटारात जेलचं पाणी सोडायचं नाही. रंगाचा लगदा वाळवून वेगळा ठेवला.

१० डिसेंबर

लाल जागेवर आज लेप. आधी लाल जेलनं उचलला होता, काडीला रंग येणं थांबलं तरी दगडावर गुलाबी सावली होती. लेप म्हणजे मुलतानी माती, त्यात कागदाचा लगदा आणि बेन्झिल अल्कोहोल-ॲसिटोनचं मिश्रण, पिठासारखं मळलेलं. एक सेंटिमीटर जाड थापला. पहिले दोन तास झाकून, म्हणजे द्रव आत जाईल. मग प्लॅस्टिक काढून उघडा ठेवला. आता द्रव बाहेर उडायला लागतो आणि आतला रंग घेऊन लेपाकडे येतो. अर्थातच लेप दगडापेक्षा जास्त सच्छिद्र असावा लागतो, नाहीतर ओढ उलटी पडते. संध्याकाळपर्यंत लेपाच्या पाठीवर गुलाबी छटा उमटली होती. वाळलेला लेप खरवडायचा नाही. तो आपोआप भेगाळून पडतो, उरलेला ओल्या स्पंजनं.

दुसरा लेप लावल्यावर छटा निम्मी झाली, तिसऱ्यानं फरक पडला नाही. एवढं दिसलं की पुढे जाण्यात अर्थ नसतो. आणखी लेप लावले तर रंग तिथेच राहतो, कातडीतलं मात्र काहीतरी निघत राहतं.

चंदेरी वेगळ्याच कारणानं छळतोय. त्यातला बांधणारा पदार्थ सहज विरघळतो, पण ॲल्युमिनियमचे बारीक पत्रे मोकळे होऊन टाकीच्या घावांत बसतात. दगड ओला असताना काही दिसत नाही आणि वाळला की घाव चमकतात. म्हणून चंदेरीच्या ठिकाणी दगड पूर्ण वाळेपर्यंत 'झालं' म्हणायचं नाही. तिथे जेल उचलण्याआधी त्यात सेल्युलोजची जाड पेस्ट मिसळली. पत्रे तीत अडकून एकदम निघतात. बरेच निघाले.

१६ डिसेंबर

निळी जाहिरात. ऑइल पेंट, जाड, पण खाली पांढरं डिस्टेंपर आहे हे कडेला दिसत होतं. म्हणजे निळ्याला हात लावायची गरजच नाही. डिस्टेंपर कच्चं असतं, त्याचा दगडाशी धरच सैल. निळ्यावर जागोजागी लाकडी पट्टीनं पोपडे पाडले, तिथून कोमट पाणी आत जाऊ दिलं आणि ओल्या चादरी झाकून ठेवल्या. दुपारी निळा रंग पांढऱ्यासकट मोठमोठ्या तुकड्यांत उतरला. रसायनाचा थेंब लागला नाही.

पण तिसरा तुकडा उतरल्यावर मिस्त्री म्हणाले, "ताई, थांबा." पांढऱ्याखाली दगडावर काळी अक्षरं. हातानं काढलेली, वळणदार, एका दुकानाच्या जाहिरातीची. ओला बोळा अक्षराच्या टोकाला हलकेच टेकवला, तो लगेच काळा झाला. म्हणजे काजळी आणि डिंक असलं काहीतरी, पाण्यात विरघळणारं. आम्ही जी चादर पांघरली होती तीच या अक्षरांना खाणार होती.

काम बंद. चादरी काढल्या, दगड वाळू दिला. आजोबा आले, चष्मा पुसून वाचलं आणि सांगितलं की त्यांच्या लहानपणी ही पाटी होती, पोरं इथे पकडापकडीत हात लावून उभी राहायची. कुठलं लिखाण भिंतीचा भाग आणि कुठला कचरा, हा प्रश्न आमच्या वहीत नव्हता. विश्वस्तांशी फोनवर बोलणं झालं. अक्षरं ठेवायची.

इथे पद्धत बदलली. निळा-पांढरा थर कोरडाच, शस्त्रक्रियेच्या पातळ पात्यानं, पांढऱ्या थरातून आडवा कापत उचलला. पातं दगडाला नाही, डिस्टेंपरमध्ये चालवायचं. अक्षरांवर राहिलेला पांढरा धूसर पापुद्रा कोरड्या रबरी स्पंजनं पुसला. सुट्टी भुकटी जाते, काजळी राहते. फार सावकाश काम. संध्याकाळपर्यंत एकच शब्द निघाला.

२३ डिसेंबर

रंग गेला, आता स्वच्छतेचा त्रास. ज्या दगडावरून स्प्रे काढला तिथे शंभर वर्षांची धूळ आणि काजळीही निघाली, त्यामुळे नाव गेलं पण नावाच्या आकाराचा उजळ डाग राहिला. वाचता येतो! पोस्टरांचे चौकोनही तसेच.

सगळी भिंत तेवढी उजळ करणं हा सोपा उपाय आणि तोच चुकीचा, कारण मग प्रत्येक दगडाला हात लागतो. त्याऐवजी उजळ डागाच्या कडा तोडल्या. ओल्या स्पंजनं डागाच्या बाहेरचा वीतभर भाग थोडा थोडा हलका करत गेलो, कडेपासून लांब जाताना कमी कमी. अक्षराची धार गेली की डोळा ते वाचत नाही. दगडाच्या सांध्यापाशी थांबलं की आणखी बरं, कारण शेजारचा दगड वेगळ्या छटेचा असणं कुणालाच खटकत नाही.

दगडफुलाला हात लावला नाही. वरच्या थरावर करडी आणि नारिंगी अशी दोन प्रकारची आहेत. जेलचा थेंब पडलेली जागा आठवड्यात पांढरी पडली, हे शेजारच्या कडेवर दिसतंय. त्यामुळे जिथे रंगाची रेघ दगडफुलावरून गेली होती, तिथे रंग तसाच ठेवला. दगडफूल वाढेल तसा तो तुटत जाईल.

तळाशी चंदेरी उरलेल्या पाच-सहा घावांत मातीरंग बारीक ब्रशनं भरला. गेरू, काव आणि काजळी, अगदी सौम्य डिंकात, पाण्यानं पुसता येईल असा. दगड रंगवलेला नाही, फक्त चमक मारलीय.

६ जानेवारी

रात्री टॉर्च लावून पुन्हा फोटो. खडूची खूण पुसली गेली होती, पण वहीतल्या मोजमापावरून जागा बरोबर सापडली. दोन्ही फोटो शेजारी ठेवून घाव मोजून पाहिले. घडीव दगडांवर प्रत्येक घाव जागच्या जागी. भोकांच्या तिसऱ्या दगडावर दोन भोकांमधली पातळ भिंत तुटलेली दिसतेय; आधीच्या फोटोत तिथे आधीपासून भेग आहे. चिकटपट्टीच्या चाचणीत फुलीच्या दगडांवर भुगा नोव्हेंबरएवढाच. वाढलेला नाही, हे महत्त्वाचं.

धुताना सैल झालेल्या दरजा मिस्त्रींनी भरल्या. मळलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, थोडी सुर्खी, पाण्यात गूळ आणि हिरडा. दरज दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवली, कारण झिजलेल्या दगडाची कड गोल असते आणि चुना वर आला तर ती कड झाकली जाते. आठवडाभर ओलं गोणपाट.

विश्वस्तांनी विचारलं, वर एखादा पारदर्शक थर मारावा का, म्हणजे पुढच्या वेळी रंग सहज निघेल. पॉलियुरेथेनचे थर त्यासाठी मिळतात. पण या भिंतीला मागून, वाड्याच्या अंगणाकडून ओल येते आणि ती दरजांतून, कातडीतून बाहेर पडते. बाहेरून वाट बंद केली तर ओल थरामागे साचेल, क्षार तिथेच स्फटिक होतील आणि कातडी थरासकट पोपडे धरेल. मेणाचा, गरम पाण्यानं निघणारा थर त्यातल्या त्यात बरा. तोही मी फक्त खालच्या घट्ट दगडांच्या एका तुकड्यावर लावला, नमुना म्हणून. पुढचा पावसाळा झाल्यावर तिथे ओलीचा वेगळा पट्टा दिसतो का ते बघायचं. उरलेली भिंत उघडी.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या सकाळी विद्यार्थिनीचा फोन. मधोमध नवं पोस्टर, रात्रीच लावलेलं. १९९५ च्या विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करता येते आणि विश्वस्त ती करतील, पण पोस्टर काढायला तक्रारीची वाट बघायची नाही. ताजी खळ होती. दोन बादल्या कोमट पाणी, स्पंज आणि चादर, पंधरा मिनिटांत कागद अख्खा खाली आला. नंतर बोळा आणि आयोडीन, निळं काही नाही.

वाड्याच्या चौकीदारांना एक पेटी दिलीय: चादरीचे तुकडे, स्पंज, लाकडी पट्ट्या, आयोडीनची बाटली, हातमोजे. पोस्टर दिसलं की त्याच दिवशी, कोरडं न ओढता. स्प्रे दिसला तर स्वतः काही लावायचं नाही, फोटो काढून मला पाठवायचा. काळ्यासारखा घट्ट जुळणारा रंग पहिल्या एक-दोन दिवसांत अजून पुरता जुळलेला नसतो, तेव्हा जेलला दोन तास लागत नाहीत. जेलचा डबा कुलपात, किल्ली आजोबांकडे. फुली मारलेल्या दगडांचा नकाशा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. मेणाचा तुकडा, काळी अक्षरं आणि फुलीचे दगड यांची पुढची पाहणी ऑक्टोबरअखेर, भिंत वाळल्यावर.